मॅगसल्फचा दुसरा डोस

आत्या पाथर्डी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर एएनएम होती, निवृत्त झाली तेव्हा आरोग्य सहाय्यिका होती. आता तिसगावात असते. मी जीएनएमच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवते आणि परीक्षा जवळ आली की बहुपर्यायी प्रश्न काढते. मुलीला किती पाठ आहे यापेक्षा तिला प्रसंगी काय करायचं ते कळतं का, हे प्रश्नातून दिसावं, असं माझं म्हणणं. आत्याला ते अर्धंच पटतं. गरोदरपणातल्या झटक्यांवर, म्हणजे एक्लॅम्प्सियावर मी काढलेला एक प्रश्न तिच्यापुढे ठेवला, तेव्हा आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे.

आत्या: आधी तुझा जुना प्रश्न वाचते. ‘मॅग्नेशियम सल्फेटवरचा उतारा कोणता?’ पर्याय कॅल्शियम ग्लुकोनेट, प्रोटामिन सल्फेट, व्हिटॅमिन के, नॅलॉक्सोन. चांगला प्रश्न आहे. हा का काढून टाकलास?

मी: चुकीचा नाही गं तो. पर्यायही एका जातीचे आहेत, चारही कशाचे ना कशाचे उतारेच. पण ही जोडी मुली गाइडमधून पाठ करून येतात. मॅगसल्फ म्हटलं की कॅल्शियम ग्लुकोनेट. जिने बाईच्या गुडघ्यावर कधी हातोडी मारून पाहिली नाही, तिलाही पूर्ण मार्क. या प्रश्नाने मला त्या मुलीबद्दल काही कळत नाही.

आत्या: तिला उतारा माहीत आहे, एवढं कळतं. ते कमी आहे का? रात्री दोन वाजता बाई झटके देत आली, तर कोणती सिस्टर पुस्तक उघडून बसते? मॅगसल्फची एक ॲम्प्युल दोन मिलीची, तिच्यात एक ग्रॅम. पहिला डोस दहा ग्रॅम, म्हणजे दहा ॲम्प्युल, पाच एका कुल्ल्यात खोल, पाच दुसऱ्यात. हे तोंडपाठच पाहिजे. त्यात विचार करायला जागाच नको.

मी: हे मान्य. डोस, ॲम्प्युल, रक्तदाबाचे आकडे, हे पाठच असायला हवं आणि ते सरळ विचारावं. माझा आक्षेप सगळा पेपर तसाच काढण्याला आहे. आता हा नवा प्रश्न वाच.

‘एक्लॅम्प्सियाच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयात मॅगसल्फचा पहिला डोस मिळून चार तास झाले आहेत. पुढच्या पाच ग्रॅमच्या डोसची वेळ झाली आहे. रक्तदाब १५०/१००, श्वास मिनिटाला १८, चार तासांत लघवी १४० मिली. दोन्ही गुडघ्यांचा नी जर्क मिळत नाही. परिचारिका आता काय करेल?
अ) ठरल्या वेळी पाच ग्रॅमचा डोस देईल.
ब) डोस थांबवून डॉक्टरांना कळवेल आणि श्वासावर लक्ष ठेवेल.
क) श्वासाला आधार देऊन कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश देण्याची तयारी करेल.
ड) अर्धा डोस देईल.’

आत्या: उत्तर ब. नी जर्क गेला की डोस द्यायचा नाही, हा नियमच आहे. श्वास सोळा तरी हवा, लघवी तासाला तीस मिली तरी हवी आणि नी जर्क हवा. मग हेही पाठांतरच झालं की. नियम पाठ असलेली मुलगी सोडवेल.

मी: नियम पाठ असल्याशिवाय सुटणार नाही, हे खरं. पण नुसता पाठ असून भागत नाही. लघवी १४० मिली दिली आहे, ती चार तासांत विभागायला लागते. तासाला पस्तीस, म्हणजे ठीक. श्वास ठीक. रक्तदाब अजून चढलेला, म्हणून हात डोसकडे जातो. तीन गोष्टी ‘दे’ म्हणतात, एक ‘थांब’ म्हणते. त्या एकीचं वजन बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त, हे जिला कळलं तिचाच ब येतो. शिवाय गंमत क मध्ये आहे. तुझ्या आवडत्या जुन्या प्रश्नात जिला पूर्ण मार्क पडले, तीच मुलगी इथे क वर खूण करते. मॅगसल्फ जास्त झालं वाटतंय, उतारा माहीत आहे, मग देऊन टाक.

आत्या: ती चूक मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. नी जर्क आधी जातो, श्वास नंतर मंदावतो. मधला वेळ बाईवर डोळा ठेवायचा असतो. घाबरलेली पोरगी मात्र उताऱ्याच्या मागे लागते आणि बाईकडे बघायला कोणी उरत नाही.

मी: म्हणून तर तो पर्याय तिथे आहे. चुकीचा पर्याय मी मनाने रचत नाही. आधी हाच प्रसंग पर्यायांशिवाय वर्गात देते, ‘काय कराल, दोन ओळींत लिहा’ म्हणून. मुली ज्या चुका करतात त्या त्यांच्याच शब्दांत मिळतात. ‘वेळ झाली म्हणून दिला’ ही एक, ‘उतारा दिला’ ही दुसरी. मी खुर्चीत बसून जी चूक कल्पनेने शोधीन ती कुणी करतच नसतं, आणि मग चारातले दोन पर्याय वाचल्याबरोबर गळून पडतात. उरलेल्या दोनांत नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर.

आत्या: मग हा ड कुणी लिहिला होता? अर्धा डोस?

मी: तो मीच घातला. चार भरायचे म्हणून.

आत्या: दिसतंच आहे. दवाखान्यात कुणी असं करत नाही. चार तासांनी अडीच ग्रॅम द्यावा अशी बाई आपल्या पद्धतीत नाही. बाकीच्या तिन्हींना बाया आहेत.

मी: बाया आहेत म्हणजे?

आत्या: अगं, याच बाईचा नी जर्क चांगला असता, तर तुझा अ बरोबर होता. श्वास अठराचा आठ झाला असता, तर क बरोबर. अंबू बॅग लावायची, डॉक्टरांना हाक मारायची आणि दहा टक्क्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिली सावकाश. प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या बाईला लागू आहे. ड कुणालाच नाही.

तिच्या या बोलण्याने माझा प्रश्न काढण्याचा हिशेबच बदलला. चुकीचा पर्याय ‘पटण्यासारखा’ असावा, असं पुस्तकं सांगतात, पण पटण्यासारखा म्हणजे कसा, हे सांगताना ती गुळमुळीत होतात. आत्याची कसोटी हातात धरता येते. प्रश्नातला एक आकडा बदलायचा आणि बघायचं, उत्तर शेजारच्या पर्यायावर सरकतं का. सरकलं, तर तो पर्याय खरा आहे, कारण तो शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी योग्य आहे. कोणताही आकडा बदलून जो पर्याय कधीच बरोबर होत नाही, तो फक्त जागा अडवतो. या कसोटीने आणखी एक गोष्ट होते. मुलीला वाचताना आकड्यांकडे बघावंच लागतं, कारण आकडे झाकले तर चारही उत्तरं सारखीच योग्य वाटतात.

मी: मग ड च्या जागी असं घालू का? ‘रक्तदाब कमी करणारं औषध देऊन मग डोस देईल.’ रक्तदाब १७०/११४ आणि नी जर्क चांगला, अशी बाई असली तर ते योग्य ठरेल.

आत्या: हां. आणि १५०/१०० वर घाबरणाऱ्या मुली त्यात अडकतील. घाल. नाहीतर तीनच ठेव. चौथा मिळत नसेल तर ओढून ताणून कशाला?

तीन पर्यायांचं तिने सहज म्हटलं, पण परीक्षाशास्त्रात ते अभ्यासाने निघालेलं आहे. मायकेल रॉड्रिग्झ यांनी २००५ साली अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र तपासून मांडलं, की बहुतेक ठिकाणी एक बरोबर आणि दोन चांगले चुकीचे पर्याय पुरतात, चौथ्या-पाचव्याने प्रश्न फारसा सुधारत नाही. आपल्याकडे परीक्षेचा साचा चार पर्यायांचा असतो, त्यामुळे शिक्षकाला चौथा शोधावाच लागतो. ‘वरीलपैकी सर्व’ हा बहुतेक वेळा त्या शोधाच्या कंटाळ्यातून आलेला असतो.

आत्या: आता माझी खरी तक्रार ऐक. पाठांतराच्या प्रश्नात उत्तर एकच असतं. मॅगसल्फचा उतारा नगरला वेगळा आणि पुण्याला वेगळा नसतो. तुझ्या प्रसंगाच्या प्रश्नात मात्र दोन सिस्टरची दोन मतं होतात. मग मार्क कुणाचे कापायचे? जी पोर उसाच्या फडावर वाढली, जी हिंमत करून जीएनएमला आली, तिचा एक मार्क प्रश्न काढणाऱ्या बाईच्या मतावर जाणार. हा अन्याय आहे.

मी: मत म्हणूनच राहिलं तर अन्यायच. म्हणून उत्तर मी एकटी ठरवत नाही. तीन अनुभवी सिस्टरना प्रश्न देते, उत्तराशिवाय, वेगवेगळा. तिघींचं एकच आलं तर प्रश्न राहतो. एकीचं वेगळं आलं तर तिला कारण विचारते. बहुतेक वेळा ती चुकलेली नसते, प्रश्नात काहीतरी सांगायचं राहून गेलेलं असतं.

आत्या: उदाहरण दे.

मी: बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा देते. मी लिहिलं होतं, ‘गर्भाशय बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं, रक्तस्राव वाढलेला. प्रथम काय?’ माझं उत्तर होतं लघवीची पिशवी रिकामी करणं, कारण भरलेल्या पिशवीने गर्भाशय वर आणि बाजूला ढकललं जातं. एकीने लिहिलं, गर्भाशय चोळणं.

आत्या: गर्भाशय मऊ होतं की घट्ट, ते कुठे लिहिलंस?

मी: तेच राहिलं होतं. मऊ, लिबलिबीत असेल तर आधी चोळायचं, आणि चोळता चोळता पिशवी रिकामी करायची. घट्ट असून नुसतं सरकलेलं असेल तर पिशवी. एक शब्द नव्हता म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर होती. आता तिथे ‘हाताला घट्ट लागतं’ असं घातलं आहे. मतभेद प्रश्नात होता, सिस्टरमध्ये नव्हता.

आत्या: आणि तिघी सिस्टर एकमताने चुकल्या तर?

मी: मग मुलींची उत्तरं सांगतात. पेपर तपासून झाला की वर्गातल्या सर्वाधिक मार्कांच्या आणि सर्वांत कमी मार्कांच्या मुलींचे दोन गट करते, साधारण सत्तावीस टक्के वरच्या, तेवढ्याच खालच्या. चाळिसांच्या वर्गात अकरा-अकरा. समजा, या मॅगसल्फच्या प्रश्नाला वरच्या अकरापैकी नऊ जणींनी ब लिहिलं आणि खालच्या अकरापैकी चौघींनी. प्रश्न बरा आहे, जाणत्या आणि अजाणत्या मुलींत फरक दाखवतो. पण समजा, वरच्या गटातल्या सहा जणींनी क लिहिलं आणि खालच्यांतल्या एकीनेच. हुशार मुली क कडे जात असतील तर त्यांना प्रश्नात असं काही दिसलं आहे जे मला दिसलं नाही. तेव्हा निकाल लावायच्या आधी प्रश्न परत उघडायचा, आणि दोष सापडला तर तो मोजायचा नाही.

आत्या: आणि जो पर्याय कुणीच निवडला नाही?

मी: शंभरात पाच जणीही ज्याच्याकडे वळत नाहीत तो पर्याय बदलायचा, असा रिवाज आहे. चाळिसांच्या वर्गात हे आकडे फार ताणू नयेत मात्र. दोन मुली इकडच्या तिकडे झाल्या की चित्र बदलतं. दोन-तीन वर्षांच्या तुकड्यांची उत्तरं साठवली तर भरवसा येतो.

आत्या: लांबीचं काय? तुझा प्रश्न वाचायलाच पोरीला मिनिट लागेल. मराठीत शिकून आलेल्या मुलीला इंग्रजी पेपरात असे सहा ओळींचे प्रसंग घातले, की तू तिची नर्सिंग तपासत नाहीस, वाचन तपासतेस.

मी: हे मला पूर्ण मान्य आहे. प्रसंगात रुग्णाचं वय, गाव, कितवं बाळंतपण हे सगळं सजावटीला घालायचा मोह होतो. जी माहिती काढली तरी उत्तर हलत नाही, ती काढायची. वरच्या प्रश्नात रक्तदाब ठेवला, कारण तो हात ओढतो. लघवी ठेवली, कारण ती भागायला लागते. बाईचं वय नाही, कारण त्याने काही होत नाही. आणि पर्याय झाकून प्रश्न वाचला तर मुलीला उत्तर मनाशी सुचलं पाहिजे. पर्याय वाचल्याशिवाय काय विचारलंय तेच कळत नसेल, तर प्रश्न मोडून पुन्हा लिहायचा.

आत्या: ठीक. पण एवढं करूनही तुझा कागद एका ठिकाणी खोटं बोलतो. तू लिहून देतेस, ‘नी जर्क मिळत नाही.’ वॉर्डात हे कुणी लिहून देत नाही. हातोडी घेऊन ते शोधायचं कुणाला सुचेल, तिथेच तर सिस्टर कळते. कागदाने ती अर्धी अक्कल आधीच मुलीच्या हातात दिली.

या मुद्द्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि ते असावं असंही मला वाटत नाही. १९९० साली जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षकाने परीक्षांची उतरंड मांडली. माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. बहुपर्यायी प्रश्न चांगला निघाला तर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतो. हातोडी कुठे मारायची हे बघायला खाट, रुग्ण आणि प्रात्यक्षिक परीक्षाच लागते. अमेरिकेत परिचारिकांच्या परवान्याची एनक्लेक्स परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली, ती याच उणिवेपायी. एका रुग्णाची हकिगत सहा प्रश्नांत उलगडत जाते, आणि त्यातला पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की या सगळ्या नोंदींतली कोणती महत्त्वाची. पण साध्या चार पर्यायांतही थोडं करता येतं, आणि वाट आत्यानेच दाखवली.

आत्या: तू नी जर्कची ओळ खोडून टाक.

मी: मग प्रश्न सुटणार कसा?

आत्या: तोच प्रश्न. वेळ झाली, रक्तदाब १५०/१००, श्वास १८, लघवी १४०. पुढे काही नाही. आता विचार, काय करेल? अ, डोस देईल. ब, नी जर्क बघेल. क, डोस थांबवून डॉक्टरांना कळवेल. ड, तुझं ते रक्तदाबाचं औषध. जिला वाटलं की सगळं ठीक आहे, ती अ कडे जाईल. काय बघायचं राहिलं, हे जिला टोचेल, ती ब.

मी: पण पर्यायात ‘नी जर्क’ हा शब्द दिसला की आठवणारच ना तिला?

आत्या: काही जणींना आठवेल. मग चारही पर्याय बघण्याचेच ठेव. पायाची सूज बघेल, नी जर्क बघेल, बाळाचे ठोके मोजेल, लघवीतलं प्रथिन तपासेल. चारही कामं चांगलीच आहेत, प्रत्येक सिस्टर करते. पण सुई टोचायची की नाही हे ठरवणारं एकच.

हा प्रश्न मी जसाच्या तसा उतरवून घेतला. आधीच्याहून तो आखूड आहे आणि अवघडही. मग आत्याने स्वतःच्या जुन्या जागेचा विषय काढला.

आत्या: हे सगळं जिल्हा रुग्णालयाचं झालं. उपकेंद्रावरच्या एएनएमला दुसऱ्या डोसशी काय करायचंय? केंद्राच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत तिचं काम स्पष्ट आहे, पहिला दहा ग्रॅमचा डोस द्यायचा आणि बाईला पुढे पाठवायचं. तिच्या पेपरात तिचा प्रसंग हवा. लिही. ‘चौतीस आठवड्यांच्या गरोदर बाईला उपकेंद्रात झटका आला. झटका थांबला आहे. आशाताईने तिला डाव्या कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, श्वास चालू आहे. रक्तदाब १७०/११०. १०८ ला फोन झाला आहे. मॅगसल्फ उपलब्ध आहे.’

मी: कुशीवर वळवणं आशाताईकडे का दिलं?

आत्या: नाहीतर तुझ्या मुली भांडतील, आधी कुशीवर की आधी सुई. खऱ्या प्रसंगात दोघी असतात, दोन्ही कामं बरोबरच चालतात. एकानंतर एक असं कागदावर असतं. म्हणून ते काम झालेलं दाखवलं, आता निर्णय औषधाचा राहिला.

मी: मग बरोबर पर्याय, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देऊन पाठवणं. चुकीचे?

आत्या: एक, ‘गाडी येतेच आहे, डोस नगरला गेल्यावर देतील.’ ही सगळ्यांत घातक, आणि सगळ्यांत जास्त होणारी. करंजी घाटात झटका आला तर गाडीत काय करणार? दुसरा, डायझेपाम. आमच्या वेळच्या जुन्या सिस्टर तोच द्यायच्या.

मी: तो चालेल. १९९५ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या चाचणीत मॅगसल्फने पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा खूप कमी ठेवलं, त्यानंतर सवय बदलली. पण घरातल्या, शेजारच्या जुन्या सिस्टरकडून ऐकून काही मुलींच्या डोक्यात तो अजून असतो. आणि चौथा?

आत्या: अर्धा डोस.

मी: मघाशी तूच तो खोडायला लावलास!

आत्या: तिथे खोडला, कारण तिथे कुणी देत नाही. इथे देतात. दहा ॲम्प्युल फोडायच्या म्हटलं की एकट्या पोरीचा हात थांबतो. एवढं औषध, बाई दगावली तर? मग ती एकाच कुल्ल्यात पाच ग्रॅम देते आणि गाडीत बसवते. लिही तसंच, ‘पाच ग्रॅम देऊन पाठवेल आणि उरलेला डोस रुग्णालयावर सोडेल.’

मी: तुझी कसोटी लावली तर हा पर्याय कुठल्या बाईला बरोबर ठरतो?

आत्या: कुठल्याच नाही. पण पोरीला तो बरोबर वाटतो. तेवढ्यासाठी ठेव.

मी: मग कसोटी चुकीची?

आत्या: कसोटी निम्मी आहे. शेजारच्या बाईला लागू पडणारा पर्याय चालतो, आणि घाबरलेल्या सिस्टरने खरोखर केलेली गोष्टही चालते. दोन्हींपैकी काहीच नसेल तो खोड. आता त्या तीन सिस्टरना दाखव, आणि त्यांतली एक तरी उपकेंद्रावर राहिलेली असू दे.